महागाई ५.४ टक्के की १.३? डिफ्लेटर हाताने काढून बघू

२०२३-२४ मध्ये आपल्याकडे किरकोळ महागाई सरासरी ५.४ टक्के होती, पण त्याच वर्षाच्या जीडीपीतून डिफ्लेटर, म्हणजे देशात तयार होणाऱ्या सगळ्याच गोष्टींच्या भावाचा निर्देशांक, काढला तर महागाई जेमतेम १.३ टक्के निघते. दोन्ही आकडे सरकारीच.

३१ मे २०२४ ला जाहीर झालेले आकडे घेऊ. २०२३-२४ चा नॉमिनल जीडीपी, म्हणजे त्याच वर्षीच्या भावाने मोजलेला, २९५.३६ लाख कोटी रुपये. तेच उत्पादन २०११-१२ च्या भावाने मोजलं की १७३.८२ लाख कोटी, हा रियल. या आकड्यांसाठी २०११-१२ हे बेस इयर होतं, तिथे दोन्ही आकडे एकच असतात म्हणून डिफ्लेटर १००. आता नॉमिनलला रियलने भागा आणि १०० ने गुणा, येतात १६९.९. आदल्या वर्षी नॉमिनल २६९.५० आणि रियल १६०.७१, तिथे येतात १६७.७.

बरेच जण इथेच घसरतात. १६९.९ बघून कोणी म्हणतं महागाई ६९.९ टक्के, पण ती बेस इयरपासूनच्या १२ वर्षांची एकूण वाढ झाली. कोणी नुसती वजाबाकी करून २.२ टक्के सांगतं, पण ते २.२ पॉइंट आहेत, टक्के नाहीत, त्यांना आदल्या वर्षीच्या १६७.७ ने भागायचं आणि १०० ने गुणायचं, मग १.३ टक्के येतात. उत्तर तपासायचं असेल तर नॉमिनल वाढ ९.६ टक्के, रियल ८.२, फरक १.४, १.३ च्या जवळच, म्हणजे गणित बरोबर आहे.

मग ५.४ कुठून आले? किरकोळ महागाईच्या निर्देशांकात तेव्हा खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के होतं, आणि त्या वर्षी खाणंच महाग झालं होतं. डिफ्लेटरमध्ये देशात तयार होणारं सगळंच येतं, मशिनरी, सेवा, बांधकाम, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा, खास करून कारखान्यातल्या मालाचा, भाव तेव्हा घाऊक निर्देशांकावरून घ्यायचे, जो त्या वर्षी सरासरी उणे ०.७ टक्के होता.

मला खरी अडचण वाटते ती पुढची. कारखान्याची मूल्यवाढ म्हणजे मालाची किंमत वजा कच्च्या मालाचा खर्च. आपल्याकडे तेव्हा या मूल्यवाढीला तयार मालाच्याच भावाने डिफ्लेट करायचे, त्यामुळे कच्चा माल जास्त स्वस्त झाला की वाढलेलं मार्जिन रियल उत्पादन वाढल्यासारखं दिसतं, रियल फुगतो आणि डिफ्लेटर खाली येतो.

शिवाय १.३ हा आकडासुद्धा टिकला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही वर्षांचे आकडे सुधारले, २०२३-२४ साठी ३०१.२३ आणि १७६.५१, त्याआधीच्या वर्षासाठी २६८.९० आणि १६१.६५. हेच गणित परत करा, महागाई २.६ टक्के येते, आधीच्या दुप्पट.