सगळ्या खात्यांना एकच नंबर: एक सिम गेलं की काय काय जातं?

समजा, अमळनेर तालुक्यातलं एक घर आहे. वडील कपाशी लावतात, आई बचत गटात आहे, थोरला मुलगा सुरतेला उधन्यात लूमवर कामाला आहे. घरात स्मार्टफोन एकच, तो मुलाचा. त्यामुळे जिथे जिथे अर्जावर ‘मोबाईल क्रमांक’ असा रकाना आला, तिथे तिथे त्याचाच नंबर लिहिला गेला. वडिलांचं बँक खातं, आईचं खातं, तिघांची आधार कार्डं, पीएम किसान, गॅस, मुलाचं सुरतेतलं पगाराचं खातं, यूपीआय, व्हॉट्सॲप आणि ज्या जीमेलवर फोन चालतो तेही. हे घर काल्पनिक असलं तरी उधना-जळगाव मार्गावरच्या कुठल्याही गावात उतरा, अशी घरं सापडतीलच.

आता हा मुलगा दिवाळीला गावी येतोय. गाडीला गर्दी. नंदुरबार सोडलं आणि दोंडाईचा यायच्या आत फोन खिशातून गेला. फोनच्या कव्हरमध्ये मागे एटीएम कार्ड होतं आणि घडी घातलेली आधारची झेरॉक्स.

फोनला स्क्रीन लॉक आहे, म्हणून तो निश्चिंत राहिला तर फसेल. चोराला फोन उघडायची गरजच नाही. तो सिम काढतो आणि दुसऱ्या फोनमध्ये घालतो. इथे नंबर म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्यायला हवं.

आपला दहा आकडी नंबर आपल्या फोनच्या मालकीचा नसतो. सिम कार्डावर १५ आकडी वेगळी ओळख असते, तिला आयएमएसआय म्हणतात, आणि सोबत एक गुप्त किल्ली असते. मोबाईल कंपनीच्या मुख्य नोंदवहीत, म्हणजे तिच्या सर्व्हरवर, एक ओळ लिहिलेली असते: हा दहा आकडी नंबर सध्या या आयएमएसआयच्या कार्डाकडे आहे. ओटीपी पाठवला जातो तेव्हा नेटवर्क ही ओळ वाचतं आणि ते कार्ड ज्या फोनमध्ये असेल तिथे संदेश पोहोचवतं. फोन कुणाचा, हातात कुणी धरलाय, हे त्याला कळत नाही. म्हणजे ओटीपी बरोबर आला याचा अर्थ एवढाच, की ते कार्ड या क्षणी समोरच्याकडे आहे.

आता चोर काय काय करू शकतो ते पाहू. त्याने दुसऱ्या फोनवर यूपीआय ॲप टाकलं. ॲप नोंदणीसाठी त्या सिमवरून आपोआप एक एसएमएस पाठवतं. तो बँकेकडच्या नंबराशी जुळला की नंबराला जोडलेली खाती दिसायला लागतात. पैसे काढायला यूपीआय पिन लागतो, आणि तो चोराला माहीत नाही. पण पिन नव्याने ठरवता येतो. त्यासाठी एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. काही बँका कार्डाचा पिनही मागतात, तिथे चोर अडतो. दुसरा मार्ग आधारचा आहे: आधार क्रमांकाचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी. कार्ड आणि झेरॉक्स कव्हरमध्येच होती. राहिला ओटीपी, तोही त्याच्याच हातात येणार. नव्या फोनवर पहिले २४ तास यूपीआयला साधारण पाच हजारांची मर्यादा असते, तेवढाच काय तो अडसर.

दोन पायऱ्यांच्या सुरक्षेचं सगळं बळ त्या पायऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असण्यात आहे. तुम्हाला माहीत असलेलं काहीतरी, म्हणजे पासवर्ड किंवा पिन, आणि तुमच्या जवळ असलेलं काहीतरी, म्हणजे सिम. एक गेलं तरी दुसरं राहतं, असा तो हिशेब. पण ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर नवा पासवर्ड त्याच सिमवरच्या ओटीपीने मिळत असेल, तर पहिली पायरी उरलीच कुठे? दोन कुलपं लावली आणि दोन्हींच्या किल्ल्या एकाच खुंटीला टांगल्या, तसं ते होतं. अभियंते याला समान कारणाने होणारा बिघाड म्हणतात. वेगवेगळ्या दिसणाऱ्या यंत्रणा मुळाशी एकाच गोष्टीवर उभ्या असतात, आणि ती गेली की सगळ्या एकदम बसतात.

आपल्या घरात असं किती आहे, हे तपासायला एक कागद पुरतो. प्रत्येक खात्यासाठी एक गोल काढा. मग त्या खात्याच्या ॲपवर ‘पासवर्ड विसरलो’ किंवा ‘पिन विसरलो’ दाबलं तर काय मागितलं जातं, ते बघा आणि तिकडे बाण काढा. बँकेचा बाण नंबराकडे आणि कार्डाकडे जातो. बाकी पुष्कळ खात्यांचे बाण ईमेलकडे जातात, म्हणून ते निर्धास्त वाटतात. पण जीमेलचा बाण बहुतेकदा पुन्हा त्याच नंबराकडे वळलेला असतो. त्या मुलाच्या कागदावर सगळे बाण एकाच गोलात येऊन थांबतील.

इकडे अमळनेरला उतरल्यावर त्याच्यापुढे वेगळीच अडचण. सिम बंद करायचं, तर ते त्याच्या नावावर नाहीच. तो अठरा वर्षांचा व्हायच्या आधी घेतलेलं, म्हणून पारोळ्याच्या मामांच्या आधारवर निघालेलं. डुप्लिकेट सिम मिळवायला मामांनाच मोबाईल कंपनीच्या गॅलरीत जावं लागणार, आणि मामांचा नंबर पाठ नाही, तो गेलेल्या फोनमध्येच राहिला. बँकेची एसएमएस करून कार्ड बंद करायची सोय नोंदवलेल्या नंबरावरूनच चालते, म्हणजे तीही गेली. ज्याच्यामुळे नुकसान होतंय, तेच बंद करायला तोच नंबर लागतो. मला या सगळ्यातली ही सर्वांत वाईट गाठ वाटते.

अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी दुसऱ्या कुणाच्याही फोनवरून मोबाईल कंपनीच्या ग्राहकसेवेला कळवून सिम बंद करायचं, कारण त्याने चोराकडे जाणारे ओटीपी थांबतात. लगेच बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कार्ड आणि यूपीआय बंद करायचं आणि तक्रार क्रमांक वेळेसह लिहून ठेवायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेला सोसावं लागतं, म्हणून ती वेळ हातात हवी. पैसे गेलेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा. पोलिसांत तक्रार आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेट बंद करणं त्यानंतर.

नवं सिम मिळालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. दूरसंचार विभागाचा २०२२ पासूनचा तसा नियम आहे. लोक चिडतात, पण कारण योग्य आहे. कुणी खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं डुप्लिकेट काढलं, तर तुमचं सिम अचानक मुकं होतं, नेहमी रेंज असलेल्या ठिकाणीही ‘नो सर्व्हिस’ दिसतं, आणि तुम्हाला सावध व्हायला हा एक दिवस मिळतो. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्टही करता येत नाही. मात्र हे दोन्ही नियम बदललेल्या सिमसाठी आहेत. खिशातून गेलेलं मूळ सिम चोराच्या फोनमध्ये पहिल्या मिनिटापासून चालतं.

त्यावर उपाय आहे सिम पिन, जो फारच थोडे लोक वापरतात. फोनच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीखाली ‘सिम लॉक’ असतं. ते चालू केलं की फोन सुरू करताना किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर चार ते आठ आकडे मागितले जातात. आधी कंपनीचा मूळ पिन गॅलरीत विचारून घ्या. अंदाजाने टाकायला जाऊ नका, कारण तीन वेळा चुकलं की सिम अडतं आणि कंपनीकडून आठ आकडी पीयूके कोड घ्यावा लागतो. तोही दहा वेळा चुकला की कार्ड कायमचं मेलं. आपल्या मुलाच्या सिमला पिन असता तर चोराचा प्रवास दोंडाईच्यातच संपला असता.

पण सिम पिनने बाण बदलत नाहीत. बाण बदलायचे तर नंबर वाटून घ्यावे लागतात, आणि इथे एक अडचण येते. यूपीआयला बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं. बँकेचा नंबर घरच्या साध्या बटणाच्या फोनमध्ये ठेवला, तर मुलाला त्या खात्यावरून स्मार्टफोनने पैसे पाठवता येणार नाहीत. म्हणून नंबर वाटताना खातीही वाटायची. रोजच्या खर्चाचं छोटं खातं मुलाच्या नंबरावर, त्यात तीन-चार हजार, आणि यूपीआय फक्त त्यालाच. कपाशीचे पैसे येतात ते वडिलांचं खातं घरच्या बटणाच्या फोनच्या नंबरावर. तो नंबर दुकानात, फॉर्मवर, व्हॉट्सॲपवर कुठेही द्यायचा नाही. बँकेत नंबर बदलायला शाखेत अर्ज द्यावा लागतो.

आधारला मात्र एका माणसाचा एकच नंबर लागतो, तिथे वाटणी शक्य नाही. तो आई-वडिलांसाठी घरच्या नंबरावर असलेला बरा. आधार केंद्रावर बोटाचा ठसा देऊन तो बदलता येतो, जुना नंबर चालू असण्याची गरज नसते. गैरसोय एवढीच, की सेतू केंद्रात काही काम निघालं की तो बटणाचा फोन पिशवीत टाकून न्यावा लागतो. पीएम किसानची केवायसी अंगठ्यानेही होते.

जीमेल नंबरापासून तोडता येतं. दोन टप्प्यांच्या पडताळणीत ऑथेंटिकेटर ॲप लावलं की दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला सिम लागत नाही. फोनच गेला तर काय, यासाठी गूगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवायचे, फोनमध्ये फोटो काढून नव्हे. मग रिकव्हरीसाठी दिलेला जुना नंबर तिथून काढून टाकायचा, नाहीतर तो बाण तसाच राहतो.

वाटणीलाही धोका आहे, तो सांगायलाच हवा. कमी वापराचा नंबर विसरला जातो. सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि काही काळाने तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाला मिळतो. सुरतेत गेल्यावर गुजरातचं सिम घेऊन गावाकडचं सोडून दिलेल्या कितीतरी पोरांचे जुने नंबर आजही घरच्या खात्यांवर नोंदलेले असतील, त्यांचे ओटीपी अनोळखी माणसाकडे जायला लागतात. म्हणून घरचा नंबर कुणा एकाने सांभाळायला हवा. डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे लांब मुदतीचे पॅक २०२५ पासून मिळू लागले आहेत, बटणाच्या फोनला तेच सोयीचे. आणि मामांच्या नावावरचं सिम आधी मुलाच्या स्वतःच्या नावावर करून घ्यायचं. आपल्या नावावर किती आणि कोणती सिम चालू आहेत, ते संचार साथीवर दिसतं. मामांनी तिथे एकदा पाहिलं तरी घरातले असे आणखी किती नंबर त्यांच्या नावावर फिरतायत, ते कळेल.