दुधाच्या दाढेची पल्पोटॉमी: नस मारण्यापासून जगवण्यापर्यंत

किडलेल्या दुधाच्या दाढेवर जुना उपाय एकच होता: उपटणे. नाहीतरी पडणारच ना! पण मागची दुधाची दाढ पडते दहा-बाराव्या वर्षी. सहाव्या वर्षाच्या आसपास तिच्या मागे पहिली कायमची दाढ येते, आणि मधली जागा रिकामी असेल तर ती पुढे सरकते. मग खालून येणाऱ्या उपदाढेला वाटच उरत नाही. दाढ काढण्याऐवजी टिकवण्याची धडपड सुरू झाली ती मुख्यतः यासाठी. पल्पोटॉमी हा त्यातलाच उपाय: दाढेच्या वरच्या भागातली नस कापायची, मुळांमधली ठेवायची आणि तिच्यावर औषध लावायचे.

1904 मध्ये बकली यांनी कुजलेल्या नसेसाठी फॉर्मोक्रेसॉल हे फॉर्मॅल्डिहाइड आणि क्रेसॉलचे औषध आणले. पुढे 1930 च्या सुमारास स्वीट यांनी ते दुधाच्या दाढांना वापरले. मुळांमधली नस औषधाने थिजवून टाकायची, हा त्यामागचा विचार. सुरुवातीला त्यासाठी अनेक फेऱ्या लागत, नंतर औषधात भिजवलेला बोळा पाचच मिनिटे ठेवणे पुरेसे ठरले. कॅल्शियम हायड्रॉक्साइडही वापरून पाहिले गेले, पण त्याने दुधाच्या दाताचे मूळ आतून झिजण्याचा त्रास वारंवार दिसला. 2004 मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने फॉर्मॅल्डिहाइडला कर्करोगकारक ठरवले. दाढेत जाणारी मात्रा नगण्य असते, तरी पालकांना ते पटवणे अवघडच. तोवर 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातून एमटीए हे सिमेंट आले होते. ते मुळातली नस मारत नाही, जगू देते.

पाच वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. गोड खाल्ले की खालची दाढ ठणकते, थोड्या वेळात थांबते. रात्री झोपमोड नाही, हिरडीवर पुळी नाही, दाढ हलत नाही. एक्स-रेत कीड नसेला भिडलेली, पण मुळांमधले हाड शाबूत. ही दाढ पल्पोटॉमीची.

भूल देऊन दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे लाळ अडवणारा रबरी पडदा, लावतात, कीड काढतात आणि नसेच्या पोकळीचे छत उघडून वरच्या भागातली नस मुळांच्या तोंडापर्यंत कापतात. मग ओला बोळा दाबून धरतात. माझ्या मते खरा निकाल इथेच लागतो. पाचेक मिनिटांत रक्त थांबले, तर मुळातली नस निरोगी समजायची. गडद रक्त वाहतच राहिले, तर सूज खाली उतरली आहे; मग मुळे पूर्ण साफ करायची किंवा दाढ काढायची. एक्स-रे कितीही चांगला असला तरी या क्षणी बेत बदलावा लागतो.

रक्त थांबले की एमटीए भरून वर सिमेंट आणि स्टीलची कॅप बसवतात. कॅप टाळून नुसते फिलिंग केले, तर ते गळून जंतू पुन्हा आत शिरण्याची भीती राहते. एमटीएने दाढ करडी पडू शकते. कॅपखाली ते दिसत नाही.

आपोआप उठणारी रात्रीची कळ, पुळी, मुळांमधले झिजलेले हाड, किंवा पडायलाच आलेली दाढ असेल, तर पल्पोटॉमी करत नाहीत. जंतुसंसर्गाचा मोठा धोका असलेला हृदयविकार मुलाला असेल, तर दाढ काढणेच बहुधा सुरक्षित. लवकर काढावीच लागली, तर जागा राखण्यासाठी स्पेस मेंटेनर बसवतात.