मुक्तछंदातली लांब ओळ छातीत काय करते?

"गद्य लिहा, मध्येमध्ये एंटर दाबा, झाला मुक्तछंद" हे वाक्य परवा पुन्हा ऐकलं. मला ते साफ अमान्य आहे. ओळ कुठे तुटते याचा परिणाम वाचणाऱ्याच्या छातीत होतो, आणि तो करून बघता येतो. या तीन ओळी मोठ्याने वाचा:

दादरच्या पुलावर गर्दीतून ढकलत ढकलत वर चढताना हातातली पिशवी छातीशी धरून आई म्हणाली
थांब
जरा

पहिल्या ओळीत 44 अक्षरं आहेत. वाचायला सहा-सात सेकंद लागतात. शांत बसलेलो असताना आपण मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. बोलताना मात्र हवा झटकन, अर्ध्या-पाऊण सेकंदात आत घेतो आणि जपून, हळूहळू सोडतो. भरलेलं फुफ्फुस ताणलेल्या रबरासारखं स्वतःहून आकसू पाहतं. सुरुवातीला हवा भसकन निघून जाऊ नये म्हणून बरगड्यांमधले बाहेरचे स्नायू ब्रेक लावतात. हवा कमी होत गेली की तो ताण ओसरतो. मग उलटं काम सुरू होतं: बरगड्यांमधले आतले स्नायू आणि पोटाचे स्नायू हवा ढकलून बाहेर काढू लागतात. ओळीच्या शेवटाकडे पोट आत ओढल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

मध्येच श्वास का घेत नाही? मोठ्याने वाचताना आपण बहुतेकदा वाक्याच्या जोडावर श्वास घेतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'म्हणाली' येईपर्यंत वाक्य उघडंच राहतं. तिथे पोचल्यावर हवा घ्यावीच लागते, आणि त्या क्षणभराच्या शांततेनंतर भरल्या छातीने 'थांब' येतं. जोर येतो तो तिथून. आता तोच मजकूर 'दादरच्या पुलावर / गर्दीतून / ढकलत ढकलत / वर चढताना' असा तोडून वाचा. प्रत्येक ओळीला थोडं थांबायला मिळतं, दम लागतच नाही, आणि 'थांब' इतर तुकड्यांसारखाच एक तुकडा होतो. सगळ्याच ओळी आखूड असलेल्या कविता सपाट वाटतात त्या यामुळे.

अमेरिकन कवी चार्ल्स ओल्सन यांनी 1950 साली ओळीचं नातं कवीच्या श्वासाशी जोडलं. पण 'एक ओळ म्हणजे एक श्वास' हा नियम शरीर पाळत नाही. 'थांब' आणि 'जरा' एकाच श्वासात सहज मावतात. कवितावाचनाला प्राणायामाचे गुण चिकटवणाऱ्यांनी तर हे जरूर मोजून पाहावं.

मनात वाचताना हवेची ही सक्ती नसते. तिथे डोळा काम करतो: ओळ संपली की नजर डावीकडे परत उडी मारते आणि एकट्या शब्दावर एकटीच टेकते.

मोबाइलवर मात्र हे सगळं बिघडतं. 44 अक्षरांची ओळ अरुंद पडद्यावर दोन-तीन तुकड्यांत मोडते आणि वाचणारा 'ढकलत'पाशीच थांबतो. छापील पुस्तकात अशी उरलेली ओळ थोडी आत सरकवून लावतात, म्हणजे ती आधीच्याच ओळीचा भाग आहे हे कळतं. ऑनलाइन कविता टाकताना निदान तेवढं तरी करा.