बिलाची विचारणा आणि थकबाकीचे स्मरणपत्र ही दोन वेगळी पत्रे आहेत

स्वतंत्रपणे काम करणारे डिझायनर, अनुवादक, फोटोग्राफर किंवा वेबसाइट करून देणारे लोक पैसे अडकले की जो मजकूर पाठवतात, तो बहुतेक वेळा एकाच साच्याचा असतो, मग ग्राहकाने बिल पाहिलेले असो वा नसो. बिल पोहोचले की नाही याची विचारणा आणि मान्य झालेल्या बिलाची मुदत उलटल्यावर पाठवायचे स्मरणपत्र यांत गल्लत होते. ती मला वारंवार दिसते आणि दर वेळी खटकते, कारण तिच्यामुळे तोटा नेहमी काम करणाऱ्याचाच होतो.

विचारणा कशी करायची हे सगळ्यांना ठाऊक आहे. बिल पाठवून चार-पाच दिवस झाले आणि उत्तर नाही, तर ‘बिल मिळाले का, त्यात काही दुरुस्ती हवी आहे का’ असे दोन ओळींत विचारावे. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. गोंधळ सुरू होतो तो ग्राहकाने ‘बिल बरोबर आहे’ असे कळवल्यानंतर आणि मग एकदम गप्प झाल्यानंतर.

एक उदाहरण घेऊ. सांगलीच्या विश्रामबागेत घरून काम करणारी एक ग्राफिक डिझायनर कुपवाडच्या एमआयडीसीतील एका मसाला कारखान्यासाठी हळद पावडरच्या पाकिटांची डिझाइन करते. ठरलेली रक्कम 48,000 रुपये आहे, आणि बिल मान्य झाल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यायचे, असे कामाच्या सुरुवातीलाच मेलवर ठरले आहे. बिल क्रमांक 17 ती 2 जूनला पाठवते. 5 जूनला खरेदी विभागाच्या साहेबांचे उत्तर येते: ‘बिल पाहिले, बरोबर आहे, अकाउंट्सकडे पाठवतो.’ त्यानंतर शांतता. 5 जुलै उलटून जातो, व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर येत नाही. 14 जुलैला ती जो मसुदा लिहिते तो असा:

‘नमस्कार सर, पुन्हा त्रास देत आहे, क्षमस्व. मागच्या महिन्यात पाठवलेले बिल आपल्याला मिळाले असेल अशी आशा आहे. डिझाइनमध्ये किंवा बिलात काही बदल हवे असल्यास जरूर कळवावे. आपल्या सवडीने पेमेंटचे पाहावे, ही नम्र विनंती. काही अपडेट?’

या मसुद्यात उद्धट असे काहीच नाही, आणि म्हणूनच तो बरा वाटतो. परंतु एकेक वाक्य नीट वाचले तर लक्षात येते की तिच्या बाजूने पक्के झालेले सगळे तिने आपल्याच हाताने सैल करून टाकले आहे. साहेबांनी स्वतः बिल पाहिल्याचे लिहून दिले आहे. तरी ती ते मिळाले असेल अशी आशा व्यक्त करते, म्हणजे 5 जूनचे उत्तर तिच्याच लेखी नसल्यासारखे होते. ‘काही बदल हवे असल्यास’ हे वाक्य तर सर्वांत महागात पडते. जे काम तपासून मान्य झाले आहे, ते त्या वाक्याने पुन्हा टेबलावर येते, आणि पैसे लांबवायला कारण शोधणाऱ्या माणसाला ‘पाकिटाचा पिवळा रंग जरा गडद करून द्या, मग बघू’ असे म्हणण्याची वाट मिळते. ‘आपल्या सवडीने’ या शब्दांनी 30 दिवसांची मुदत मागे घेतल्यासारखी होते. शेवटचे ‘काही अपडेट?’ हे मला या प्रकारातले सर्वांत निरुपयोगी वाक्य वाटते, कारण त्याला नेमके उत्तर असे काही नाही. वाचणारा ‘बघतो’ म्हणून मोकळा होतो किंवा काहीच म्हणत नाही.

विचारणेत आपल्याला माहीत नसलेली गोष्ट आपण विचारतो, म्हणून तिथे नम्र अनिश्चितता योग्यच असते. स्मरणपत्रात मात्र झालेल्या गोष्टी तारखेसह मांडायच्या असतात आणि फक्त राहिलेली एक गोष्ट विचारायची असते. बिल मान्य आहे, मुदत ठरलेली आहे, ती उलटली आहे. अज्ञात आहे ते एवढेच की पैसे कोणत्या तारखेला येणार. स्मरणपत्र घासूनपुसून नीट करणे म्हणजे त्यात अधिक गोड शब्द घालणे नव्हे. या एका प्रश्नाखेरीज जे जे प्रश्न मसुद्यात शिरले आहेत, ते काढून टाकणे हेच ते काम आहे. मी तो मसुदा असा करीन:

‘विषय: बिल क्र. 17, रु. 48,000, देय तारीख 5 जुलै

नमस्कार साहेब,

हळद पावडरच्या पाकिटांच्या डिझाइनचे बिल क्र. 17 बरोबर असल्याचे आपण 5 जून रोजी कळवले होते. ठरल्याप्रमाणे त्याची देय तारीख 5 जुलै होती. रक्कम अद्याप जमा झालेली नाही. बिल सध्या कोणाकडे आहे आणि रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, हे कृपया गुरुवार, 17 जुलैपर्यंत कळवावे. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.’

हे पत्र 5 जूनच्या त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवावे, म्हणजे साहेबांचे स्वतःचे वाक्य खाली आपोआप दिसते आणि त्याची वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही. व्हॉट्सॲपवर फक्त ‘मेल पाठवला आहे’ एवढे लिहावे. हिशेबाचा मजकूर तिथे लिहू नये, कारण तो लग्नाच्या फोटोंखाली आणि सणांच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. ‘बिल सध्या कोणाकडे आहे’ हा अर्धा प्रश्न मी मुद्दाम ठेवला आहे. खरेदी विभागाने ‘बरोबर आहे’ म्हटल्यावर ते बिल अकाउंट्सकडे जाते, तिथे नोंदवले जाते, मग मालकाच्या किंवा भागीदाराच्या सहीसाठी थांबते, आणि अनेक कारखान्यांत पैसे सोडण्याचे दिवसही ठरलेले असतात. ज्याने बिल मान्य केले तो पैसे सोडणारा नसतो. त्याच्या गप्प बसण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की आपल्या हातात नसलेल्या गोष्टीबद्दल काय लिहावे हे त्याला कळत नाही. त्याला सहज देता येईल असे उत्तर मागितले, म्हणजे अकाउंट्समधल्या व्यक्तीचे नाव, तर शांतता बहुधा तिथेच संपते.

‘साहेब’, ‘कृपया’ हे शब्द राहू द्यावेत. आपल्याकडे ते रीतीचे आहेत आणि त्यांनी मागणी कमजोर होत नाही. क्षमा मात्र मागू नये. ‘जेंटल रिमाइंडर’ हा विषयही नको, कारण त्यातून बिलाचा क्रमांक, रक्कम, तारीख यांपैकी काहीच कळत नाही. घरातले आजारपण, मुलांची फी, कर्जाचा हप्ता ही कारणे खरी असली तरी लिहू नयेत. आपले पैसे आपल्याला गरज आहे म्हणून देय नाहीत, काम पूर्ण झाले म्हणून देय आहेत. सांगलीसारख्या गावात ग्राहक उद्या एखाद्या कार्यात समोर बसलेला असतो, म्हणून पैसे मागायला संकोच वाटतो, हे मी समजू शकते. तारखा आणि रक्कम एवढेच असलेल्या पत्राने संबंध बिघडत नाहीत, हेही मी तितक्याच खात्रीने सांगते. बिघडतात ते तीन महिने मनात साठवून एके दिवशी फोनवर काढलेल्या शब्दांनी.

एक मर्यादा मात्र नीट ओळखली पाहिजे. हे स्मरणपत्र तेव्हाच लिहिता येते, जेव्हा मान्यता खरोखर मिळालेली असते. ‘बिल मिळाले’ ही पोहोच आहे, ‘बरोबर आहे, अकाउंट्सकडे पाठवतो’ ही मान्यता आहे. नुसता अंगठा किंवा हात जोडल्याची खूण आली असेल तर मी ती पोहोचच धरते. अशा वेळी आधी विचारणेचे पत्र लिहावे आणि त्यात ‘रक्कम व तपशील बरोबर असल्याचे कळवावे’ असे स्पष्ट मागावे. मान्यता फोनवर मिळाली असेल, तर त्याच दिवशी ‘आज बोलल्याप्रमाणे बिल क्र. 17 बरोबर आहे आणि ते अकाउंट्सकडे जात आहे, अशी नोंद करते’ असा मेल पाठवून ठेवावा. हे न करता एकदम थकबाकीचे पत्र पाठवले, तर ‘आम्ही बिल अजून पाहिलेच नाही’ असे उत्तर येते आणि मुदत कुठून मोजायची हाच वाद होऊन बसतो.

पहिल्या स्मरणपत्रातच कायदा लिहावा का, असे अनेक जण विचारतात. माझे मत ठामपणे नाही असे आहे, पण तो माहीत असावा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, आणि त्यात सेवा देणारेही येतात, खरेदीदाराने ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत मान्यतेपासून 45 दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. इथे मान्यता म्हणजे कामाची मान्यता, बिलाची नव्हे. काम हाती पडल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम मान्य झाले असे धरले जाते. ‘काही बदल हवे असल्यास कळवा’ असे महिन्याभराने स्वतःच लिहिणे किती अनाठायी आहे, ते यावरून कळावे. काम घेण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करून तिचा क्रमांक बिलावर छापला, तर अकाउंट्स विभागाला तो दिसतो आणि त्याचा अर्थही कळतो, कारण अशा उद्योगाचे पैसे कायद्यातल्या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. व्याजाचा उल्लेख दुसऱ्या पत्रालाही उत्तर आले नाही तर तिसऱ्या पत्रात करावा, आणि तो एकाच वाक्यात करावा.

बहुतेक प्रकरणे तिथवर जात नाहीत. वरच्या पत्राला सर्वसाधारणपणे जे उत्तर येते ते असे: ‘पुढच्या आठवड्यात करतो.’ हे उत्तर तसेच सोडून देऊ नये, कारण त्यात तारीख नाही आणि पुढचे पत्र पुन्हा शून्यातून लिहावे लागते. त्याच दिवशी एवढेच कळवावे: ‘धन्यवाद साहेब. म्हणजे शुक्रवार, 25 जुलैपर्यंत रक्कम जमा होईल असे धरते. तारीख वेगळी असल्यास कळवावे.’ 25 तारखेला संध्याकाळी खाते पाहावे, आणि रक्कम नसेल तर सोमवारी सकाळी त्याच मेलला उत्तर म्हणून, नवी तारीख विचारणारे दुसरे पत्र अकाउंट्समधल्या व्यक्तीलाही प्रत देऊन पाठवावे.