लाइव्हमध्ये साडी घेताना: आमच्या ग्राहकांसाठी

दर शुक्रवारी रात्री साडेआठला येवल्याच्या दुकानातून आम्ही लाइव्ह येतो. एका लाइव्हमध्ये साधारण तीस साड्या होतात. आधी कॉटन, मग सेमी पैठणी, आणि साडेनऊच्या सुमारास हातमागावरच्या पैठण्या. त्या मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण एकेका पैठणीला वेळ द्यावा लागतो आणि तोवर नोकरीवरून येणाऱ्या ताईही जेवून निवांत झालेल्या असतात.

प्रत्येक साडीला चिठ्ठी लावलेली असते. त्यावर नंबर आणि किती नग आहेत ते लिहिलेलं असतं. आधी काठ, मग पदर, मग ब्लाउज पीस दाखवतो. पैठणी असेल तर पदर उलटाही करतो. हातमागाच्या पदरावरचा मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो. मशीनच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. हे पाहून झाल्यावरच किंमत सांगतो, दोनदा. ती जीएसटी धरून असते, कुरिअर वेगळं.

किंमत ऐकली की कमेंटमध्ये नंबर आणि "हवी" एवढंच लिहा, जसं "२७ हवी". नुसतं "हवी" लिहिलं तर कुठली, ते कळत नाही, कारण आमचं बोलणं तुमच्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोचतं. तुम्ही २७ पाहत असता तेव्हा आमच्या हातात २८ आलेली असू शकते.

सगळ्यात जास्त रुसवे इथेच होतात. मागच्या महिन्यात २७ नंबरची राणी रंगाची पैठणी होती, १४,५०० रुपये, एकच नग. तिघींनी कमेंट केली आणि तिघींनाही आपलीच पहिली वाटली. आम्ही आमच्या स्क्रीनवरचा क्रम धरतो. पहिलीचं नाव मोठ्याने वाचलं, दुसरीला "वेटिंग" सांगितलं. पहिलीचे पैसे अर्ध्या तासात आले नाहीत, म्हणून साडी दुसरीला गेली. हाच नियम आमच्या नात्यातल्यांनाही आहे.

रंगाबद्दल शंका असेल तर "उजेड" असं लिहा. रात्री लाइटखाली जांभळा निळसर दिसतो, म्हणून दिवसा खिडकीपाशी काढलेला फोटो आम्ही लगेच समोर धरतो. अंगावर कशी दिसते ते पाहायचं असेल तर "खांद्यावर" लिहा.

एक कळकळीची विनंती. लाइव्ह चालू असताना आमच्या दुकानाचंच नाव आणि फोटो लावून कुणीतरी कमेंटमध्ये दुसराच नंबर किंवा क्यूआर कोड टाकतं. एका ताईंचे पैसे असेच गेले. पैसे फक्त या पत्रकाच्या मागे छापलेल्या नंबरवरच पाठवा आणि पाठवण्याआधी दिसणारं नाव वाचा. परतावा देताना आम्ही तुमचा यूपीआय पिन कधीच मागत नाही. पैसे मिळण्यासाठी पिन लागतच नाही.

पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. डाग किंवा फाटकं निघालं तर तो पाठवा, साडी बदलून देऊ आणि परतीचं कुरिअर आमच्याकडे.