फोनवर दिसतं, पण साठतं कुठे? कॅमेऱ्यातलं कार्ड आणि क्लाउड

वायफाय कॅमेरा लावला, त्यात मेमरी कार्ड घातलं आणि ऑफिसात बसून ॲपमध्ये कालचं रेकॉर्डिंग उघडून पाहिलं, की बहुतेकांचा समज होतो की हे सगळं क्लाउडवर जातंय. तसं नसतं. कार्डावरचं रेकॉर्डिंग फोनवर पाहताना ॲप कंपनीच्या सर्व्हरमार्फत घरच्या कॅमेऱ्याला गाठतं. कॅमेरा त्या क्षणी आपल्या कार्डावरून फाइल वाचतो आणि तुमच्याकडे पाठवतो. सर्व्हर फक्त गाठ घालून देतो किंवा मधून वाट देतो, साठवत काही नाही. क्लाउडवर मात्र कॅमेरा क्लिप आधीच चढवून ठेवतो आणि तुम्ही ती तिथून उघडता. त्या वेळी कॅमेरा जिवंत असायची गरज नसते.

आपल्याकडे यातलं काय आहे हे दोन मिनिटांत कळतं. कॅमेऱ्याचा प्लग काढा आणि ॲपमध्ये कालचं रेकॉर्डिंग उघडा. उघडलं तर ते क्लाउडवर आहे. ‘डिव्हाइस ऑफलाइन’ असं आलं तर ते कार्डावर आहे, आणि कॅमेरा चोरीला गेला तर कार्डही त्याच्याबरोबर जाणार आहे. खोक्यावर ‘क्लाउड सपोर्ट’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ सोय आहे एवढाच. बहुतेक कंपन्यांकडे चाचणीचे दिवस संपल्यावर दरमहा किंवा वार्षिक पैसे भरले तरच क्लिप साठतात, आणि मुदत संपली की साठवण गुपचूप थांबते.

यातच तिसरी गोष्ट मिसळते, ती म्हणजे मोशन अलर्ट. फोनवर येणारी सूचना हे रेकॉर्डिंग नव्हे. तिच्यासोबत फार तर एखादं स्थिर चित्र असतं. कार्ड नाही, क्लाउडचा प्लॅनही नाही, तरी अलर्ट येत राहतात, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. मग गरज पडते तेव्हा हातात फक्त ‘पहाटे २:४० ला हालचाल आढळली’ एवढी ओळ उरते.

कार्ड घ्यायचं की क्लाउड, हे ठरवताना किमतीच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. घटना घडल्यावर ती तुम्हाला किती दिवसांनी कळेल? आणि त्यानंतर कॅमेरा जागेवर असेल का? रोज माणसं येजा करणाऱ्या शहरातल्या फ्लॅटमध्ये पहिल्याचं उत्तर ‘त्याच दिवशी’ असतं. कॅमेरा दाराच्या आत, उंचावर असेल तर कार्ड पुरतं. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला उघडणाऱ्या कोकणातल्या घराचं गणित अगदी वेगळं आहे, आणि तेच नीट मांडण्यासारखं आहे.

समजा रत्नागिरी जिल्ह्यात एका वाडीतलं बंद घर आहे. पडवीत एक १०८० पिक्सेलचा कॅमेरा आहे. फायबर नाही, म्हणून सिमवर चालणारा फोर-जी राउटर आहे आणि रिचार्जमध्ये रोज १.५ जीबी डेटा मिळतो. असा कॅमेरा साधारण सेकंदाला २ मेगाबिट वेगाने रेकॉर्ड करतो. म्हणजे मिनिटाला १५ एमबी, तासाला ९०० एमबी, दिवसाला सुमारे २१.६ जीबी. १२८ जीबीचं कार्ड सतत रेकॉर्डिंगला लावलं तर जेमतेम सहा दिवस पुरतं आणि मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. शेजाऱ्यांनी कडी तुटलेली दहाव्या दिवशी पाहिली तर ती रात्र कार्डावरून पुसून गेलेली असते. ॲपमध्ये ‘H.265’ ही व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत निवडता येत असेल तर जागा निम्म्याच्या आसपास लागते, पण मुदत बारा दिवसांच्या फार पुढे जात नाही.

म्हणून बंद घरात कार्ड फक्त हालचालीवर रेकॉर्डिंगला लावावं. दिवसाला एकूण ४० मिनिटं हालचाल धरली तरी ६०० एमबी होतात, आणि तेच कार्ड दोनशे दिवस पुरतं. किंमत मोजावी लागते ती एवढीच, की कॅमेऱ्याला जी हालचाल जाणवली नाही ती कुठेच उरत नाही.

आता क्लाउड. सतत रेकॉर्डिंग क्लाउडवर पाठवायचा विचार या घरात करूच नये, कारण १.५ जीबी डेटा १०० मिनिटांत संपतो. हालचालीपुरत्या २० सेकंदांच्या क्लिप मात्र सहज जातात. एक क्लिप ५ एमबीची, दिवसाला ४० झाल्या तरी २०० एमबी. इथे खरा धोका खोट्या अलर्टचा आहे. पावसाळ्यात दिव्याभोवती किडे जमतात, कोळी लेन्ससमोर जाळं विणतो, आणि रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडात ते जाळं पांढरंफेक चमकून वाऱ्यावर हलतं. रात्रभर दर मिनिटाला क्लिप चढत राहते आणि सकाळपर्यंत डेटा संपतो. सिमची कंपनी वेग इतका खाली आणते की दुपारी खरंच कोणी आलं तर क्लिप पोहोचत नाही. मुंबईत बसलेल्या माणसाला वाटतं कॅमेरा बिघडला.

हे टाळायचं काम कॅमेरा बसवतानाच होतं. तो जमिनीपासून सात-आठ फुटांवर लावा आणि येणारा माणूस चित्रात आडवा चालत जाईल अशी दिशा धरा. थेट कॅमेऱ्याकडे चालत येणारा माणूस चित्रात हळूहळू मोठा होतो, पण जागा फारशी बदलत नाही, त्यामुळे हालचाल उशिरा ओळखली जाते. खिडकीच्या काचेआडून किंवा सेफ्टी डोअरच्या जाळीमागून लावला तर रात्री त्याचाच इन्फ्रारेड उजेड उलटून चित्र पांढरं होतं. पडवीत बाहेरचा साधा बल्ब रात्रभर लावून कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड बंद ठेवला तर जाळ्याची चमक बरीच कमी होते. बल्ब मात्र कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट दूर हवा, कारण किडे तिकडेच जाणार.

ॲपमध्ये ‘ॲक्टिव्हिटी झोन’ आखताना अंगण, तुळस, माडाच्या झावळ्या आणि रस्ता बाहेर ठेवा. फक्त पायरी, दार आणि खिडकी आत घ्या. ‘माणूस ओळखा’ हा पर्याय असेल तर तो चालू करा आणि बाकी हालचालींच्या सूचना बंद करा. संवेदनशीलता मधली ठेवून दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळी कोणाला तरी पडवीतून चालायला लावून पाहा. रात्रीची चाचणी टाळू नये, कारण दिवसा बरोबर चालणारी मांडणी अंधारात हमखास फसते.

जोडणीत अडकण्याची दोन ठिकाणं कायमची आहेत. स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर चालतात. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने दाखवत असेल तर क्यूआर कोड दाखवूनही जोडणी अनेकदा होत नाही, तेव्हा जोडताना ५ गिगाहर्ट्झ बंद करा. दुसरं, कॅमेरा अंधार पडताच दर थोड्या वेळाने बंद होऊन सुरू होत असेल तर दोष बहुधा वायरीत असतो. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागले की वीज जास्त लागते आणि लांब, बारीक यूएसबी वायरीत ५ व्होल्टचे साडेचार होतात. वायर आखूड करा किंवा प्लग पॉइंट जवळ घ्या.

वीज जाणं हा तर कोकणातला नेहमीचा प्रसंग. कॅमेरा ४ वॉट आणि राउटर ६ वॉट धरला तर १०,००० एमएएचचा, १२ आणि ५ व्होल्टचे आउटपुट असलेला मिनी यूपीएस दोघांना मिळून सुमारे तीन तास चालवतो. फक्त कॅमेऱ्याला बॅकअप दिला आणि राउटर विसरला तर कार्डावर रेकॉर्डिंग चालू राहतं, पण अलर्ट आणि क्लाउड दोन्ही बंद पडतात. आणखी एक बारीक गोष्ट: अनेक कॅमेऱ्यांत घड्याळाची स्वतंत्र बॅटरी नसते. वीज आली पण इंटरनेट आलं नाही, तर तारीख थेट १९७० ची दिसते. फाइल असते, पण ॲपच्या कॅलेंडरमध्ये सापडत नाही. इंटरनेट आल्यावर वेळ आपोआप जुळते, जुन्या फाइलींची जुळत नाही.

या घरासाठी आमचं मत स्पष्ट आहे: हालचालीपुरता क्लाउड घ्या, किमान ३० दिवस साठवणारा, आणि कार्डही ठेवा. इंटरनेट बंद असतानाच्या घटना कार्ड पकडतं, कॅमेराच उचलून नेला तर त्या आधीची क्लिप क्लाउडवर असते. महिन्याचे पैसे नको असतील तर दुसरा मार्ग रेकॉर्डरचा. कॅमेरा RTSP किंवा ONVIF, म्हणजे आपलं चित्र घरातल्या दुसऱ्या यंत्राला पुरवायची सोय, देत असेल, तर आतल्या खोलीत कुलूपबंद कपाटात रेकॉर्डर ठेवता येतो. १ टीबी डिस्कवर अशा दोन कॅमेऱ्यांचं सतत रेकॉर्डिंग सुमारे २३ दिवस राहतं. हीही घरातलीच साठवण, पण कॅमेरा ओढून नेला तरी हाती उरते. कपाटाला मागून हवा खेळती हवी, नाहीतर उन्हाळ्यात डिस्क तापून मरते.

कार्ड निवडताना ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या. फोनसाठीचं साधं कार्ड सतत लिहिण्या-पुसण्यासाठी बनवलेलं नसतं. ते बिघडतं तेव्हा आवाज करत नाही: लिहिणं थांबतं, पण जुन्या फाइली वाचता येतात, त्यामुळे ॲप सगळं ठीक असल्याचं दाखवत राहतं. महिन्यातून एकदा परवाच्या तारखेची क्लिप प्रत्यक्ष उघडून पाहणं हीच खरी तपासणी. कॅमेरा कमाल किती जीबीचं कार्ड घेतो ते खोक्यावर पाहा, आणि फॉरमॅट संगणकात न करता कॅमेऱ्यातच करा.

चोरी झालीच तर पहिलं काम म्हणजे कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग थांबवून कार्ड काढणं, म्हणजे त्यावर नवं काही लिहिलं जाणार नाही. क्लाउडवरची क्लिप लगेच मूळ स्वरूपात डाउनलोड करा. स्क्रीन रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दर्जाही गमावते आणि मूळ फाइलची ओळखही. जालन्याच्या निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर प्रमाणपत्र लागतंच, मूळ उपकरणच मालकाने हजर केलं तर नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे प्रमाणपत्र कलम ६३ खाली येतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा अंकी ठसा, हेही नोंदवावं लागतं. म्हणून कार्ड पोलिसांकडे देताना पंचनाम्यात त्याची कंपनी, क्षमता आणि अंगावरचा क्रमांक लिहून घ्यायला सांगा, आणि तोवर ते कोणत्याही लॅपटॉपमध्ये घालून ‘फॉरमॅट करायचं का’ या प्रश्नावर बोट पडू देऊ नका.