पंधरा फुटी माणूस आणि गाडीच्या चाकाचा आस

सपाट, कोरडं मैदान. मागे एक छोटी मोटारगाडी उभी आहे आणि तिच्या बाजूला एक माणूस. गाडीचं छप्पर त्याच्या मांडीच्या वरच्या टोकापर्यंतच पोचतंय. खाली मजकूर: ‘पंधरा फुटी मानव सापडला, शास्त्रज्ञ चक्रावले.’ अशा प्रकारचे फोटो तुमच्याही फोनवर आले असतील. ते पाहून बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण हात जोडून पुढे पाठवतात, तर काही जण ‘फोटोशॉप आहे’ म्हणून पुसून टाकतात. तिसरी शक्यता फारशी कुणी विचारात घेत नाही. फोटो शंभर टक्के खरा असतो, त्यात कुणी काही चिकटवलेलं नसतं, आणि तरीही त्याखालचा दावा साफ खोटा असतो. हे फोटोतूनच दाखवता येतं. त्यासाठी कॅमेरा कुठला, फोटो कुणी आणि कुठे काढला, यातलं काहीही माहीत असण्याची गरज नाही.

नमुना म्हणून वर सांगितला तसाच फोटो धरू. हिशोब तोंडी करता यावा म्हणून आकडे मी सुटसुटीत घेतले आहेत. फोटोत माणसाची उंची पायापासून डोक्यापर्यंत ३६० पिक्सेल भरते आणि गाडीची चाकाच्या तळापासून छपरापर्यंत १२० पिक्सेल. छोट्या मोटारगाडीची उंची साधारण दीड मीटर असते. दावा करणाऱ्याचं गणित सरळ आहे: माणूस गाडीच्या तिप्पट, म्हणजे साडेचार मीटर, म्हणजे जवळपास पंधरा फूट. या गुणाकारात चूक नाही. पण त्यात एक गोष्ट न सांगता घुसवलेली आहे, ती म्हणजे माणूस आणि गाडी कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. फोटोतला आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. गाडी अडीचपट अंतरावर असेल, तर ती अडीचपट लहान दिसणार. तेव्हा खरा प्रश्न उंचीचा नसून अंतराचा आहे.

इथे मदतीला येतं क्षितिज, आणि ही युक्ती मला फार आवडते. डोळ्यांसमोर कॅमेऱ्याच्या उंचीवर पसरलेला एक अदृश्य, आडवा, अमर्याद पत्रा आणा. कॅमेरा नेमका त्याच्या पातळीत असल्यामुळे तो पत्रा कॅमेऱ्याला फक्त एका रेषेसारखा दिसतो, आणि ती रेषा म्हणजेच क्षितिज. आता या मैदानावर काहीही उभं करा, जवळ किंवा दूर. त्याचा जो भाग कॅमेऱ्याच्या उंचीवर आहे, तो या पत्र्याला टेकतो, म्हणजे फोटोत तो क्षितिजावरच दिसतो. कॅमेरा ३० सेंटीमीटर उंचीवर असेल, तर क्षितिज प्रत्येक वस्तूला तिच्या पायथ्यापासून ३० सेंटीमीटरवर कापतं. वस्तू दहा मीटरवर असो की शंभर मीटरवर, त्याने फरक पडत नाही. चित्रकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. इटलीच्या आल्बेर्तीने १४३५ साली चित्रकारांना हेच शिकवलं होतं: डोळ्याची पातळी माणसाच्या उंचीइतकी धरली, तर चित्रात जवळच्या आणि दूरच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी साधारण एकाच रेषेवर येतात, वेगवेगळ्या जागी असतात ते पाय.

यातून एक छोटं सूत्र मिळतं. समरूप त्रिकोण आठवत असतील तर ते सिद्ध करायला दोन ओळी पुरतात:

वस्तूची उंची = कॅमेऱ्याची उंची × (पायथा ते माथा) ÷ (पायथा ते क्षितिज)

कंसातली दोन्ही मापं फोटोवर पिक्सेलमध्ये घ्यायची. अंतर या सूत्रात कुठेच नाही, लेन्सही नाही. फोटो लहान करून पाठवला असला तरी बिघडत नाही, कारण दोन्ही मापं सारखीच लहान होतात. कॅमेरा किंचित वर किंवा खाली कलला असेल, तर चौकटीत क्षितिज सरकतं, पण पायथे आणि माथेही त्याच्यासोबत सरकतात.

आता आपला फोटो. गाडीच्या चाकाच्या तळापासून क्षितिजापर्यंत मोजलं, तर २४ पिक्सेल आले. म्हणजे गाडीच्या उंचीच्या एक पंचमांश. दीड मीटरचा एक पंचमांश म्हणजे ३० सेंटीमीटर, आणि हीच कॅमेऱ्याची उंची. ताळा करायचा तर चाकाकडे बघा. मोटारगाडीच्या चाकाचा मध्य जमिनीपासून साधारण ३० सेंटीमीटरवर असतो, आणि फोटोत क्षितिजाची रेषा नेमकी चाकाच्या आसातून जाते आहे. फोटो काढणारा जमिनीवर जवळपास आडवा झालेला होता, हे त्याने न सांगताच आपल्याला कळलं.

तीच रेषा तशीच आडवी माणसापर्यंत न्या. तो गाडीच्या शेजारी उभा असलेला साडेचार मीटरचा महामानव असेल, तर ३० सेंटीमीटर म्हणजे त्याच्या उंचीचा पंधरावा भाग, रेषा त्याच्या घोट्याच्या थोडी वरून जायला हवी. पण ती जाते पोटरीच्या मधून. त्याच्या पायापासून क्षितिजापर्यंत ६० पिक्सेल भरतात, म्हणजे उंचीचा सहावा भाग. ३० सेंटीमीटर गुणिले सहा म्हणजे १८० सेंटीमीटर. पंधरा फुटी मानवाची उंची सहा फुटांपेक्षा किंचित कमी भरली!

अंतरंही याच आकड्यांत दडलेली आहेत. क्षितिजाखाली पायथा जितका जास्त, तितकी वस्तू जवळ. माणसाचे पाय ६० पिक्सेल खाली आणि गाडीची चाकं २४ पिक्सेल खाली, म्हणून गाडी त्याच्या अडीचपट अंतरावर. मीटरमध्ये उत्तर हवं असेल तर मात्र लेन्स लागते. फोनच्या नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्याचं चार हजार पिक्सेल रुंदीचं मूळ चित्र असेल, तर पिक्सेलमधलं नाभीय अंतर २९०० च्या आसपास येतं. त्याला कॅमेऱ्याच्या उंचीने गुणायचं आणि क्षितिजापर्यंतच्या पिक्सेलनी भागायचं. माणूस १४.५ मीटरवर निघतो, गाडी ३६ मीटरवर. ‘शेजारी’ उभ्या असलेल्या या दोघांत वीस मीटरहून जास्त मोकळं मैदान आहे.

फोटो काढणारा आडवा का झाला, हेही याच गणितात आहे. त्याने कॅमेरा छातीशी, दीड मीटरवर धरला असता, तर माणसाचे पाय क्षितिजाखाली ३०० पिक्सेलवर आणि चाकं १२० पिक्सेलवर आली असती. गाडी त्याच्या कमरेच्या पातळीपासून वर सुरू झाली असती आणि ती मागे आहे, हे लहान मुलानेही सांगितलं असतं. कॅमेरा जमिनीलगत नेला, की दोघांच्या पायांतलं १८० पिक्सेलचं अंतर ३६ वर येतं. तेवढं झाकायला थोडं गवत पुरतं. ‘राक्षसी’ वस्तूंच्या फोटोंत क्षितिज खूप खाली दिसलं, की मी आधी पायांकडे बघतो.

पण जी खेळी फसवणाऱ्याला सोयीची, तीच मोजणाऱ्याला अडचणीची. क्षितिज ठरवण्यात वरखाली ४ पिक्सेलची चूक झाली, तर वरचं उत्तर १.६१ मीटर ते १.९७ मीटर यांमध्ये कुठेही जाऊ शकतं. साडेचार मीटर बाद करायला हे पुरेसं आहे, पण यावरून कुणाचा शर्ट शिवू नये. (पृथ्वीच्या गोलाईचं काय, असं कुणी विचारेलच. ३० सेंटीमीटरवरून दिसणारं क्षितिज सुमारे दोन किलोमीटरवर असतं, आणि गोलाईमुळे ते पूर्ण एका पिक्सेलनेही खाली सरकत नाही.) खरा धोका जमिनीचा आहे. आपला सहा फुटी माणूस वीस सेंटीमीटरच्या उंचवट्यावर उभा असेल, तर त्याचे पाय क्षितिजाखाली फक्त २० पिक्सेलवर दिसतील आणि सूत्र त्याची उंची ५.४ मीटर सांगेल! अशा वेळी सूत्राचा दुसरा निष्कर्ष तपासायचा. हिशोबाप्रमाणे तो आता गाडीच्याही मागे असायला हवा, आणि फोटोत मात्र त्याचा हात गाडीच्या काचेवर आलेला दिसतो. झाकणारी वस्तू नेहमी जवळची असते, म्हणजे सपाट जमीन हे आपलं गृहीतकच चुकलं. क्षितिज डोंगरांनी झाकलं असेल, तर रस्त्याच्या दोन समांतर कडा वाढवायच्या. सपाट रस्त्यावर त्या जिथे मिळतात तो बिंदू क्षितिजावरच असतो. डोंगराची कड म्हणजे क्षितिज नव्हे, ही चूक फार जण करतात.

आता थोडं विषयांतर. ‘पूर्वीच्या युगात माणसं ताडमाड असायची’ हे वाक्य अशा फोटोंखाली हमखास येतं. माणूस सगळ्या बाजूंनी अडीचपट केला, तर वजन साडेपंधरा पटींहून जास्त होतं, पण हाडांचा छेद सव्वासहा पटच वाढतो. प्रत्येक हाडावरचा ताण अडीचपट होतो. नोंद झालेला सगळ्यात उंच माणूस रॉबर्ट वॅडलो, २.७२ मीटर. त्याला चालायला पायांना धातूचे आधार लावावे लागत, आणि त्याच आधाराने झालेली जखम चिघळून १९४० साली वयाच्या २२ व्या वर्षी तो गेला. साडेचार मीटरच्या महामानवाला मैदानात ऐटीत उभं करणाऱ्यांनी आधी त्याच्या गुडघ्यांची सोय लावावी.

ज्या फोटोत जमिनीला टेकलेला पायथाच नाही, तिथे ही युक्ती चालत नाही. २००४ साली इराकमधून एक फोटो जगभर फिरला. त्यात सैनिकाच्या पायाएवढाले कोळी लटकताना दिसत होते. ते उंट-कोळी होते, एकाला दुसरा चिकटलेला, म्हणून लांबी दुप्पट, आणि दोन्ही लेन्सच्या अगदी पुढ्यात. हवेत लटकलेल्या वस्तूचं अंतर क्षितिज सांगू शकत नाही. तिथे त्याच अंतरावरची ओळखीची वस्तू शोधावी लागते, आणि त्या फोटोत सैनिकाच्या बाहीचं टोक कोळ्यांच्या जवळच आहे.

मोजपट्टीच चुकीची निवडली तर काय होतं, ते स्कॉटलंडमधल्या लॉक नेस या सरोवरातल्या कथित अजस्र प्राण्याच्या १९३४ सालच्या प्रसिद्ध फोटोत दिसतं. पाण्यातून मान वर काढलेला तो ‘प्राणी’ ज्या रूपात गाजला, ते कापलेलं चित्र होतं. भोवतालचं बहुतेक पाणी कात्रीने गेलं होतं. मूळ पूर्ण फोटोत वस्तू एवढीशी दिसते. १९८७ साली दोघा अभ्यासकांनी लाटांनाच मोजपट्टी मानून मानेची उंची सुमारे १.२ मीटर काढली. दावा केलेल्या अजस्र प्राण्यापेक्षा ही खूप लहान, तरीही चूकच. १९९४ साली उघड झालं, की ती खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली जेमतेम फूटभर उंचीची मान होती. गाडीची उंची आपल्याला माहीत असते. लाटेची मात्र वाऱ्यावरून अंदाजाने धरावी लागते, आणि तो अंदाज जितका चुकेल तितकंच उत्तरही चुकतं.

आणि चिकटवलेल्या चित्रापुढे ही पद्धत हात टेकते. उत्खननातला राक्षसी मानवी सांगाडा, ज्याला आपल्याकडे घटोत्कचाचा म्हणून फिरवलं गेलं, ते चित्र २००२ साली एका संकेतस्थळाच्या फोटो-बदल स्पर्धेसाठी बनवलेलं होतं. मागचं उत्खनन खरं आहे, पण ते न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथलं, मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचं. तिथे खोदणाऱ्या माणसाशी सांगाड्याची तुलना केलीत, तर सांगाडा खरोखरच प्रचंड भरेल, कारण कलाकाराने तो मुद्दाम तेवढा मोठा करून चिकटवला आहे. तिथे पट्टी बाजूला ठेवायची आणि कवटीची सावली व त्या माणसाची सावली एकाच सूर्याची आहे का, ते बघायचं.